इबिड. म्हणजे नेमके कुठे?

इंग्रजी पुस्तकात एखादा शब्द अडला की वाचक कोश उघडतो. ‘व्हिझ.’ किंवा ‘सीएफ.’ दिसले की मात्र उघडत नाही. दोन-तीन अक्षरे आणि एक टिंब, त्यात काय एवढे असणार, असे वाटून डोळा पुढे सरकतो. पण ही अक्षरे वाचकाला काहीतरी करायला सांगत असतात. यादी इथे पुरी झाली असे समजा. हे नुसते उदाहरण आहे. हे विधान त्या दुसऱ्या ग्रंथाशी ताडून पाहा. मागच्या तळटीपेकडे जा. सूचना वाचलीच नाही तर वाक्य कळल्यासारखे वाटते आणि अर्थ निसटतो. पुढच्या नोंदींकडे वळण्यापूर्वी त्यांतल्या काही संक्षेपांपाशी थोडे थांबायचे आहे. इबिड.पाशी सगळ्यांत जास्त, कारण सर्वांत जास्त घोटाळे तिथेच होतात.

हे संक्षेप लॅटिनमध्ये का, याचे उत्तर सरळ आहे. युरोपातले विद्वान कित्येक शतके लॅटिनमध्येच लिहीत होते. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ १६८७ साली निघाला तो लॅटिनमध्ये. त्याचा प्रकाशाविषयीचा ‘ऑप्टिक्स’ हा ग्रंथ १७०४ साली आला तो इंग्रजीत. ग्रंथाची भाषा अशी बदलत गेली, पण समासातल्या आणि तळाशी येणाऱ्या खुणा जुन्याच राहिल्या. आपल्याकडे फारसी अंमल जाऊन किती काळ लोटला, तरी ‘सदरहू’ आणि ‘मजकूर’ दस्तऐवजांत टिकून राहिले, तसाच हा प्रकार.

सर्वांच्या ओळखीचा एट्‌सेट्रा आधी घेऊ. ‘एट’ म्हणजे आणि, ‘सेटेरा’ म्हणजे उरलेल्या गोष्टी. हे दोन शब्द कळले की दोन चुका आपोआप सुटतात. एक उच्चाराची: ‘एक्सेट्रा’ असे बरेच जण म्हणतात, पण त्यात ‘क’ कुठेच नाही. दुसरी लिहिण्याची: इंग्रजीत ‘अँड एट्‌सेट्रा’ लिहिले की ‘आणि’ दोनदा येते. मराठीतल्या ‘वगैरे’चीही हीच गत आहे. तो अरबीतून आला आणि त्याच्या सुरुवातीचा ‘व’ म्हणजे आणि; म्हणून ‘आणि वगैरे’ लिहिणाराही तेच करतो. जुन्या इंग्रजी छपाईत हा संक्षेप ‘&’ या चिन्हापुढे सी लावून छापत असत. वाचणाऱ्याला ते वेगळे काही वाटते, पण ‘&’ हे चिन्हच मुळी ‘एट’ची ई आणि टी ही अक्षरे एकमेकांत गुंतून तयार झाले आहे.

एट्‌सेट्राची अवघड बाजू त्याच्या अर्थात आहे. ‘उरलेल्या गोष्टी’ म्हणजे कोणत्या, हे वाचकाने आधीच्या यादीवरून ओळखायचे असते, आणि ते ओळखता येण्यासाठी यादीत काही समान धागा हवा. न्यायालयांपुढे हा प्रश्न वारंवार येतो. तिथे एट्‌सेट्राऐवजी बहुधा ‘किंवा इतर’ असे शब्द असतात, पण कोडे तेच. इंग्लंडमध्ये १८९९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे केम्प्टन पार्क या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाचा खटला आला होता. पैजेच्या धंद्याविरुद्धच्या कायद्यात घर, कचेरी, खोली ‘किंवा इतर जागा’ असे शब्द होते. मैदानातले उघड्यावरचे कुंपणाचे आवार हे ‘इतर जागे’त बसते का, असा वाद होता. बसत नाही, असा निकाल लागला, कारण यादीतल्या आधीच्या तिन्ही जागा बंदिस्त होत्या. वाचकानेही नेमके हेच करायचे. एट्‌सेट्रा दिसला की मागे जायचे, यादीतला समान धागा शोधायचा आणि त्याच धाग्याने पुढे जायचे. धागा सापडला नाही तर लेखकालाच पुढचे माहीत नव्हते, अशी शंका घ्यायला हरकत नाही.

‘व्हिझ.’ हा याच्या अगदी उलट टोकाला आहे. मूळ शब्द ‘व्हिडेलिकेट’. इंग्रजीत त्याचा उच्चार ‘व्हिडेलिसेट’ होतो. ‘पाहता येते’ अशा अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांपासून तो बनला. आता या शब्दात झेड कुठून आला? लेखनिकांच्या काळात शब्दाचा शेवट तोडल्याची एक खूण होती. तिचा आकार तीनच्या इंग्रजी आकड्यासारखा, शेपूट खाली सोडलेला. ती शेवटच्या ‘एट’च्या जागी येत असे. पुढे छापखाने आले. खिळ्यांच्या पेटीत ही खूण नसली की तिच्यासारखा दिसणारा झेड बसवला जाई. म्हणजे व्हिझ.मधला झेड हे अक्षरच नव्हे, ती संक्षेपाची खूण आहे. मोडी कागदांत ‘राजश्री’ऐवजी ‘रा॥’ येते. तिथल्या दोन दंडांचा उच्चार कोणी करत नाही. व्हिझ.मधल्या झेडचेही तसेच असायला हवे होते, पण त्याला अक्षराचे रूप मिळाल्यामुळे लोक तो उच्चारू लागले. इंग्रजी मोठ्याने वाचताना जाणकार व्हिझ. असे न म्हणता ‘नेमली’ असे वाचतात. मराठीत वाचायचे तर ‘ते असे’ किंवा नुसते ‘म्हणजे’. जुन्या हिशेबांतला ‘बितपशील’ हा शब्द याचे काम चोख करतो: आधी आकडा किंवा एकूण बाब सांगायची आणि मग खाली तिचा तपशील मांडायचा.

व्हिझ., आय.ई. आणि ई.जी. या तिघांत गल्लत होते, म्हणून एकच उदाहरण तिन्हींतून नेऊन पाहू. ‘ज्ञानेश्वरांची तीन भावंडे, व्हिझ. निवृत्तिनाथ, सोपानदेव आणि मुक्ताबाई’ हे वाक्य बरोबर आहे. आधी तीन म्हटले, पुढे तीन नावे आली, यादी मिटली. याच जागी ई.जी. घातले तर वाक्य बिघडते. ई.जी. म्हणजे ‘एक्झेम्प्लि ग्रेशिया’, उदाहरणादाखल. तीन भावंडांची तिन्ही नावे दिल्यावर उदाहरणादाखल काय उरले? ‘वारकरी परंपरेतले संत, ई.जी. नामदेव आणि चोखामेळा’ हे मात्र ठीक आहे, कारण बाकीचे बरेच आहेत हे त्यात गृहीत आहे. आय.ई., म्हणजे ‘इद एस्ट’, याचा अर्थ ‘ते म्हणजे’. तो यादी देत नाही, तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगतो: ‘ज्ञानेश्वरांचे गुरू, आय.ई. त्यांचे थोरले बंधू निवृत्तिनाथ’. दोन्ही बाजूंना एकच व्यक्ती आहे आणि बाजू बदलल्या तरी वाक्य खरेच राहते.

यावरून परीक्षा सोपी होते. खुणेच्या आधीची संख्या आणि नंतरची संख्या मोजून पाहावी. जुळली तर व्हिझ., नंतरची कमी असेल तर ई.जी., दोन्हीकडे तीच वस्तू असेल तर आय.ई. आणि ई.जी.ने सुरू झालेल्या यादीच्या शेवटी एट्‌सेट्रा लावू नये. यादी अपुरी आहे हे पहिल्या खुणेने सांगून झालेलेच असते. व्हिझ.च्या यादीला एट्‌सेट्रा लावणे त्याहून वाईट. तिथे लेखक यादी पुरी असल्याचे सांगतो आणि त्याच वाक्यात ती अपुरी असल्याचेही सांगतो.

जुने कायद्याचे कागद वाचणाऱ्यांसाठी व्हिझ.ची आणखी एक छटा सांगायला हवी. इंग्लिश कॉमन लॉच्या जुन्या दाव्यांत तारीख किंवा रक्कम व्हिडेलिकेटच्या आडून सांगण्याची रीत होती: ‘एका विशिष्ट दिवशी, व्हिझ. मे महिन्याच्या पाचव्या दिवशी’. असे लिहिले की तो तपशील दाव्याचा गाभा नसेल तर तंतोतंत सिद्ध करण्याचे बंधन वादीवर येत नसे. चौथी तारीख निघाली म्हणून दावा कोसळत नसे. आजच्या वाचकाला व्हिझ. म्हणजे नेमकेपणा वाटतो. त्या कागदांत तोच शब्द लवचीकपणाची सोय करत होता. तेव्हा जुन्या दाव्यातली तारीख इतिहासाचा पुरावा म्हणून उचलण्याआधी तिच्यामागे व्हिझ. आहे का, एवढे पाहून घ्यावे.

‘पर से’बद्दल थोडक्यात. हा संक्षेप नाहीच. हे पुरे दोन शब्द आहेत, म्हणून त्यांच्यापुढे टिंब येत नाही. ‘पर’ म्हणजे -मुळे किंवा -ने, ‘से’ म्हणजे स्वतः. आणि हा ‘से’ एकवचनी, अनेकवचनी, स्त्रीलिंगी, पुल्लिंगी सगळ्यांना तसाच चालतो. मराठीत ‘मुळातच’ किंवा ‘स्वतःपुरते पाहता’. इंग्लिश कायद्यात २०१३च्या सुधारणेपर्यंत लेखी बदनामी ‘पर से’ दाव्यास पात्र असे, म्हणजे नुकसान किती झाले हे वेगळे सिद्ध करावे लागत नसे. लिहिणे हेच पुरेसे असे. तोंडी बदनामीत काही अपवाद सोडले तर नुकसान दाखवावे लागे. ‘पर से’ असा दोन गोष्टींमध्ये खरा फरक करत असेल तेव्हाच त्याला अर्थ आहे. हल्ली बोलताना ‘खरे तर’ म्हणावे तसा तो वाक्याच्या शेवटी टाकला जातो. तो काढून पाहावा, वाक्य बदलत नसेल तर त्याची गरज नव्हती. ‘&’ या चिन्हाच्या नावातही तो दडला आहे. इंग्रजी शाळांत मुळाक्षरे घोकताना शेवटी हे चिन्ह येई आणि मुले ‘अँड, पर से, अँड’ म्हणत, म्हणजे ‘हे एकटेच असले की आणि’. घोकून घोकून त्याचे अँपरसँड झाले.

आता इबिड. ‘इबिडेम’ म्हणजे त्याच ठिकाणी. मराठी आणि संस्कृत ग्रंथांच्या टिपांत ‘तत्रैव’ येते, ते याचे तंतोतंत समकक्ष आहे. जसे ‘तत्रैवमध्ये’ म्हणत नाहीत तसे ‘इन इबिड.’ही म्हणू नये. ‘मध्ये’ आतच आहे. पण ‘त्याच ठिकाणी’ म्हणजे कोणत्या? लगेच आधीच्या टिपेत दिलेल्या ठिकाणी. त्याच्याही आधीच्या नाही, त्याच पानावरच्या दुसऱ्या कुठल्या नाही, फक्त लगेच आधीच्या. इबिड.चा सगळा अर्थ त्याच्या जागेवर टेकलेला असतो. जागा हलली की अर्थ हलतो.

हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी मराठा इतिहासावरच्या एका लेखाच्या टिपा घेऊ. ग्रंथ खरे आहेत, पानांचे आकडे उदाहरणापुरते. पहिली टीप: रानडे, ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ (१९००), पान ४०. दुसरी: इबिड., पान ४५. म्हणजे रानड्यांचेच पुस्तक, पान बदलले. तिसरी: ग्रँट डफ, ‘हिस्टरी ऑफ द महरट्टाज’ (१८२६), खंड १, पान १२०. चौथी: रानडे, ऑप. सिट., पान ५२. ऑप. सिट. म्हणजे ‘ओपेरे सिताटो’, उल्लेखिलेल्या ग्रंथात. मध्ये ग्रँट डफ आल्यामुळे इथे इबिड. चालत नाही, नाव देऊन मागे जावे लागते. पाचवी: इबिड. पुढे पान नाही. याचा अर्थ रानडे, पान ५२. पान दिले नाही तर पानही तेच. सहावी: ग्रँट डफ, लॉक. सिट. म्हणजे ‘लोको सिताटो’, उल्लेखिलेल्या जागी: ग्रँट डफचा तोच खंड, तेच पान १२०.

इथवर सगळे नीट आहे. आता लेखकाला आठवते की दुसऱ्या टिपेच्या मजकुराआधी ग्रँट डफचाही आधार द्यायला हवा. तो पहिल्या आणि दुसऱ्या टिपेच्या मध्ये एक नवी टीप घालतो: ग्रँट डफ, खंड १, पान ९८. संगणकावर लिहीत असेल तर पुढच्या सगळ्या टिपांचे क्रमांक आपोआप एकेकाने वाढतात. क्रमांक बरोबर दिसतात म्हणून लेखक निर्धास्त होतो. पण ‘इबिड., पान ४५’ हे शब्द आहेत तसेच राहिले आहेत. आता त्यांच्या लगेच आधी ग्रँट डफ आहे. रानड्यांचे मत ग्रँट डफच्या नावावर गेले. रानड्यांचे पुस्तक कितीतरी ठिकाणी ग्रँट डफच्याच मांडणीला उत्तर देते, हे लक्षात घेतले म्हणजे ही अदलाबदल किती महागात पडेल ते कळते. वाक्य, व्याकरण, क्रमांक सगळे शुद्ध. आणि आधार उलटा.

ही चूक वाचकाला कशी ओळखता येईल? पहिली खूण पानाच्या आकड्यात असते. इबिड.पुढे पान ५१२ दिले असेल आणि मागच्या टिपेत रानडे असतील तर काहीतरी बिघडले आहे, कारण रानड्यांच्या पुस्तकाला इतकी पानेच नाहीत. दुसरी खूण, मागच्या टिपेत दोन ग्रंथ असणे. ‘रानडे, पान ४०, ग्रँट डफ, पान १२०’ अशा टिपेनंतर इबिड. आले तर ते दोघांपैकी कोणाचे हे ठरवता येत नाही, आणि काळजी घेणारा संपादक तिथे इबिड. येऊच देत नाही. तिसरी, प्रकरणाच्या पहिल्याच टिपेत इबिड. असणे. प्रकरणे पुढे-मागे केल्याचा तो पुरावा असतो. ऑप. सिट.चा दोष वेगळा आहे. त्याच लेखकाचे दोन ग्रंथ वापरले असतील, समजा रानड्यांचे अर्थशास्त्रावरचे निबंधही, तर ‘रानडे, ऑप. सिट.’ म्हणजे कोणता, हे कळत नाही. शिवाय मूळ उल्लेख ४० पाने मागे असेल तर वाचक टीप न् टीप चाळत मागे जातो.

या अडचणींमुळेच शैलीपुस्तिकांनी आता पाठ फिरवायला सुरुवात केली आहे. शिकागो विद्यापीठाच्या शैलीपुस्तिकेने २०१७च्या सतराव्या आवृत्तीत इबिड.ऐवजी लेखकाचे आडनाव आणि ग्रंथाचे आखूड नाव द्यावे, असा कल दाखवला. पडद्यावर वाचताना एका वेळी एकच टीप उघडते आणि मागची टीप समोर नसते, हे त्यामागचे एक कारण. तळटिपा पानाच्या तळाशी एकाखाली एक दिसत तेव्हा इबिड. वाचायला क्षणही लागत नसे. मोबाइलवर तेच कोडे होते. ऑक्सफर्डच्या कायदेविषयक पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीत इबिड. ठेवले होते, पण ऑप. सिट. आणि लॉक. सिट. टाळायला सांगितले होते. आपल्याकडच्या निकालपत्रांत याहून वेगळाच शब्द नांदतो: ‘केशवानंद भारती (सुप्रा)’. सुप्रा म्हणजे वर. तो लगेच आधीचे असा आग्रह धरत नाही, वर कुठेतरी पूर्ण संदर्भ दिला आहे एवढेच सांगतो. नाव सोबत असल्यामुळे मजकूर हलला तरी अर्थ ढळत नाही. लिहिणाऱ्यांना माझा सल्ला असा, की मसुदा चालू असेपर्यंत प्रत्येक टिपेत ‘रानडे, राइज, पान ४५’ असेच लिहावे. प्रकाशकाला इबिड. हवेच असेल तर ते अगदी शेवटी, मुद्रित तपासताना घालावे. त्यानंतर एकही टीप वाढवू नये, आणि वाढवलीच तर तिच्या पुढची टीप उघडून पाहावी.

सीएफ. वाचतानाही सावध राहायला हवे. मूळ शब्द ‘कॉन्फर’, म्हणजे ताडून पाहा. हा एकच शब्द असल्यामुळे सी आणि एफ यांच्या मध्ये टिंब येत नाही. पुष्कळ लेखक तो ‘पाहा’ या अर्थी वापरतात, पण काटेकोर लेखकाच्या टिपेत सीएफ. आले तर तो ग्रंथ विधानाला आधार देत असेलच असे नाही. बऱ्याचदा त्यात वेगळे, कधी विरोधी मत असते आणि ते वाचकाने शेजारी ठेवून पाहावे, एवढेच म्हणणे असते. सीएफ.नंतरच्या नावाला साक्षीदार समजून आपल्या प्रबंधात उचलले की त्या लेखकाच्या तोंडी तो म्हणालाच नाही असे मत जाते.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची लॅटिन अक्षरे या पुस्तकात घेतलेली नाहीत. बी.डी. म्हणजे दिवसातून दोनदा, एस.ओ.एस. म्हणजे गरज पडली तर, हे औषधविक्रेत्याकडून समजून घेणेच सुरक्षित आहे, कारण तिथे एकाच अक्षरजोडीचे दोन अर्थ असतात: ओ.डी. म्हणजे रोज एकदा आणि ओ.डी. म्हणजे उजवा डोळाही.

पुढच्या प्रत्येक नोंदीत आधी संक्षेपाचा पूर्ण लॅटिन शब्द, मग त्याचा शब्दशः अर्थ, मग मोठ्याने वाचताना तिथे काय म्हणायचे ते मराठीत, आणि शेवटी टिंब कुठे येते ते दिले आहे. मोठ्याने वाचण्याचा भाग मुद्दाम ठेवला आहे. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाने २०१६ साली ई.जी. आणि त्याची भावंडे आपल्या मजकुरातून काढायला सुरुवात केली. अंध वाचकांसाठी मजकूर बोलून दाखवणाऱ्या काही प्रणाली टिंबाविना छापलेले ई.जी. ‘एग’, म्हणजे अंडे, असे वाचत होत्या, आणि इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांनाही ती अक्षरे अडत होती. वर्गात, न्यायालयात किंवा घरी कोणाला वाचून दाखवताना ई.जी. दिसले की ‘उदाहरणार्थ’ म्हणावे, आय.ई.ला ‘म्हणजेच’, व्हिझ.ला ‘ते असे’, सीएफ.ला ‘ताडून पाहा’. इबिड. आले तर मागची टीप पाहून ग्रंथाचे नावच वाचावे. ऐकणाऱ्यासमोर मागची टीप नसते.